उजव्या कुशीत दुखतंय: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

"मॅडम, मी इंटर्न आहे आणि सोबत पीजीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालू आहे. रेडिओलॉजीतल्या 'कुठली तपासणी कराल' या प्रश्नांत माझे मार्क हमखास जातात. परवाच्या सराव परीक्षेत उजव्या बाजूच्या पोटदुखीवर तीन प्रश्न होते. तिन्हींत मला अपेंडिक्सच दिसत होतं, उत्तरं मात्र सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय अशी तीन निघाली. मी तिन्हींना सीटी लिहून आले, कारण सीटीत सगळं दिसतं असं वॉर्डात सगळेच म्हणतात. तक्ते पाठ केले तर चार दिवसांत उडून जातात. त्यात 'कॉन्ट्रास्टसह' आणि 'कॉन्ट्रास्टविना' असे दोन पर्याय आले की मी सरळ अंदाजाने ठोकते. हे ठरवायचं कसं?"
— एक इंटर्न, सोलापूर

तक्ते आधी कपाटात ठेव. तक्त्यात आजारासमोर तपासणी लिहिलेली असते आणि परीक्षक विचारतो पेशंटबद्दल. 'अपेंडिसायटिस म्हणजे सीटी' हे चाळिशीच्या पुरुषाला चालतं. तेच सूत्र नऊ वर्षांच्या मुलाला किंवा पाच महिन्यांच्या गरोदर बाईला लावलंस की मार्क गेलाच. म्हणून आज मी दुसरा कुठलाही आजार न घेता अपेंडिक्सच घेऊन बसते. एकाच आजारात तिन्ही मशिनं कधी आणि का लागतात हे नीट कळलं, तर बाकीचे प्रश्न त्याच वाटेने सुटतात.

आधी सोनोग्राफीच्या खोलीत काय चालतं ते बघ, कारण अर्धी उत्तरं तिथेच ठरतात. आम्ही पेशंटला पहिलं सांगतो, "एका बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं." मग तिथे सरळ तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब ठेवतो आणि हळूहळू, श्वासागणिक थोडा थोडा दाब वाढवत जातो. याला ग्रेडेड कॉम्प्रेशन म्हणतात. पायलार्ट नावाच्या डच रेडिओलॉजिस्टने १९८६ साली ही पद्धत मांडली. दाबामुळे आतड्यातला गॅस बाजूला सरकतो, मऊ आतडी चपटी होतात, आणि मागे सोअस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्या दिसू लागतात. त्या दिसल्या म्हणजे दाब पुरेसा खोल पोचला. सुजलेलं अपेंडिक्स या दाबाला दाद देत नाही. सीकमपासून निघालेली, एका टोकाला बंद असलेली नळी, तिच्यात हालचाल नाही, दाबली तरी चपटी होत नाही आणि बाहेरून बाहेरपर्यंतची जाडी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त: हे सगळं जुळलं की निदान झालं. आत खडा असला तर तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते.

आता यातली अडचण. गॅस आणि चरबी हे सोनोग्राफीचे दोन वैरी. पेशंट जाड असला की आवाजाची लहर खोलवर पोचेपर्यंत क्षीण होते. अपेंडिक्स सीकमच्या मागे दडलेलं असलं तर पुढच्या गॅसच्या पडद्यामुळे ते दिसतच नाही. कधी फक्त टोकच सुजलेलं असतं आणि बुडाचा निरोगी भाग बघून आपण समाधान मानतो. कधी अपेंडिक्स फुटून रिकामं झालेलं असतं, मग ते दाबलं तर चपटंही होतं. म्हणून 'अपेंडिक्स दिसलं नाही' आणि 'अपेंडिक्स नॉर्मल आहे' हे दोन निराळे रिपोर्ट आहेत. हे वाक्य वहीत लिहून ठेव. 'सोनोग्राफीत काही आढळलं नाही' असं प्रश्नात आलं की निम्मी मुलं अपेंडिसायटिस नाही असं गृहीत धरून घरी पाठवण्याचा पर्याय निवडतात. तिथे परीक्षक विचारत असतो, आता पुढे काय.

सीटीचं गणित याच्या बरोबर उलटं. चरबी सीटीची मैत्रीण. सुजलेल्या अपेंडिक्सभोवतीची काळी चरबी धूसर, रेघारेघांची होते. त्याला आम्ही फॅट स्ट्रँडिंग म्हणतो, आणि पुष्कळदा नळीच्या जाडीपेक्षा हीच खूण जास्त कामाची ठरते. कारण निरोगी माणसाचंही अपेंडिक्स सीटीत ७–८ मिमी भरू शकतं, विशेषतः आत हवा किंवा मळ असेल तर. नुसता आकडा बघून निदान करणारा तिथे फसतो. पोटात चरबीच नसलेल्या बारीक पोरात मात्र सीटीलाही अपेंडिक्स शोधणं अवघड जातं, कारण आतडी एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांना वेगळं दाखवायला मधे काही नसतं.

यातून तुझी पहिली दोन उत्तरं आपोआप निघतात. मूल बारीक असतं, पोटाची भिंत पातळ असते, लिनिअर प्रोब सहज पोचतो. वर पुढचं सगळं आयुष्य त्याच्यापुढे असल्याने रेडिएशनची चिंता जास्त. म्हणून मुलात पहिली तपासणी सोनोग्राफी, आणि ती अनिर्णित राहिली तरच पुढे एमआरआय किंवा कमी डोसचा सीटी. लहान मुलाला एमआरआयच्या बोगद्यात पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवायला भुलीचं औषध लागू शकतं, म्हणून एमआरआय ऐकायला निरुपद्रवी वाटला तरी लगेच त्यावर उडी मारायची नाही. चाळिशीचा, पोट सुटलेला पुरुष असेल तर सीटी. पोट आणि ओटीपोटाच्या सीटीत साधारण ८ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो, म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-तीन वर्षांत जेवढं मिळतं तेवढं. चाळिशीत तो सौदा परवडतो, कारण निदानाची खात्री मिळते आणि नको असलेलं ऑपरेशन टळतं. साठीच्या पेशंटमध्ये सीटीकडे कल आणखी वाढतो; तिथे उजव्या कुशीत दुखण्यामागे सीकमची गाठ अपेंडिक्सचं तोंड बंद करून बसलेली असू शकते, आणि ती सोनोग्राफीत हुकते.

मधे एक पेशंट असा येतो जिथे सगळेच घसरतात: चोवीस वर्षांची, लग्न झालेली किंवा न झालेली मुलगी. तिथे मशीनच्याही आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. पर्यायांत ती असेल तर बहुधा तेच उत्तर. त्यानंतर सोनोग्राफी, कारण उजव्या बाजूला अपेंडिक्सशेजारी अंडाशयही आहे. पीळ पडलेलं अंडाशय, फुटलेली गाठ, नळीत राहिलेला गर्भ, हे सगळं सोनोग्राफी आणि डॉपलर सीटीपेक्षा चांगलं सांगतात. तिथे थेट सीटी लिहिणं म्हणजे गर्भ असण्याची शक्यता न विचारता रेडिएशन देणं, आणि परीक्षकाला नेमकं तेच तपासायचं असतं.

आता तुझा तिसरा प्रश्न. तुझ्या परीक्षेतला मजकूर माझ्याकडे नाही, पण अशा प्रश्नांचा साचा ठरलेला असतो, त्याच धर्तीवर एक रचते.

सव्वीस वर्षांची स्त्री, बावीस आठवड्यांची गरोदर. अठरा तासांपूर्वी बेंबीजवळ दुखायला लागलं, आता दुखणं उजवीकडे स्थिरावलंय. दोन उलट्या, जेवण नको वाटतं. ताप ३८.१ सेल्सिअस, नाडी १०४, ब्लड प्रेशर ११०/७०. उजवीकडे दाबल्यावर दुखतं. पांढऱ्या पेशी १४,८००. सोनोग्राफी: बाळाचे ठोके व्यवस्थित, उजव्या मूत्रपिंडाला किंचित सूज, अपेंडिक्स दिसलं नाही. पुढची योग्य पायरी कोणती? पर्याय: कॉन्ट्रास्टसह सीटी, कॉन्ट्रास्टविना एमआरआय, गॅडोलिनियमसह एमआरआय, चोवीस तासांनी पुन्हा सोनोग्राफी.

यात परीक्षकाने दोन सापळे पेरलेत. एक पांढऱ्या पेशींचा. गरोदरपणात त्या एरवीच वाढतात, १५–१६ हजारांपर्यंतही जातात. म्हणजे या आकड्याने निदान पक्कंही होत नाही आणि खोडलंही जात नाही. त्याला बाजूला ठेव. दुसरा सापळा मूत्रपिंडाच्या सुजेचा. ती वाचून मुलं 'खडा!' म्हणतात आणि कॉन्ट्रास्टविना सीटी शोधायला लागतात. पण वाढलेलं गर्भाशय उजव्या मूत्रवाहिनीला दाबतं, त्यामुळे या महिन्यांत उजवीकडे किंचित सूज अनेक निरोगी बायकांनाही असते. दुखण्याचा प्रवास बेंबीकडून उजवीकडे झालाय, सोबत ताप आहे, भूक मेलीय. ही गोष्ट अपेंडिक्सचीच आहे.

सोनोग्राफी करून झाली आणि तिने उत्तर दिलं नाही. या दिवसांत ती तशीही कमी पडते. गर्भाशय पुढे येतं, आतड्यांना आणि पुष्कळदा अपेंडिक्सलाही वर-बाहेर ढकलतं आणि दाब द्यायला जागाच उरत नाही. डाव्या कुशीवर वळवून पाहिलं तर कधी कधी मिळतं. चोवीस तास थांबून पुन्हा बघायचं का? नाही. अठरा तास आधीच गेलेत, आणि अपेंडिक्स फुटलं तर बाळ जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. इथे वाट बघणं हाच सगळ्यात धोक्याचा पर्याय आहे. सावध वाटतो म्हणून तो बरोबर वाटतो, एवढंच.

उरले सीटी आणि एमआरआय. एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, गॅसचा पडदा नाही, आणि गर्भाशयाच्या मागेही दिसतं. बाळ हलत असतं म्हणून चित्रं झटपट, एकेका श्वासाच्या अवधीत घेतो. चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेल्या टी-टू चित्रात सुजेचं पाणी लख्ख पांढरं उठून दिसतं. ७ मिमीपेक्षा जाड नळी आणि भोवती हे पांढरं पाणी दिसलं की आम्ही सर्जरीच्या रजिस्ट्रारला फोन लावतो. यासाठी कॉन्ट्रास्ट लागत नाही. गॅडोलिनियम तर द्यायचंच नाही: ते नाळेतून बाळाकडे जातं, बाळाच्या लघवीतून गर्भजलात उतरतं आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं, म्हणजे ते आत किती काळ फिरत राहील याचा भरवसा नाही. उत्तर: कॉन्ट्रास्टविना एमआरआय.

परीक्षेपुरतं इथे संपतं, पण तू इंटर्न आहेस म्हणून पुढचंही सांगते, आणि चांगला परीक्षक तेही विचारतो. समजा हीच बाई रात्री अकराला तालुक्याच्या रुग्णालयात आलीय, एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तोही सकाळी दहानंतर. तिथे सीटी निषिद्ध नाही. पोट-ओटीपोटाच्या एका सीटीत बाळाला साधारण २५ मिलिग्रे डोस बसतो. ५० मिलिग्रेच्या खाली गर्भपात किंवा व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. पुढे बालपणी कॅन्सरची शक्यता किंचित वाढते असं मानलं जातं, तेवढं आईला समजावून सांगायचं. फुटलेल्या अपेंडिक्सच्या तुलनेत तो धोका लहान आहे. म्हणून 'एमआरआय उपलब्ध नाही' असे शब्द प्रश्नात दिसले की सीटी लिहायला घाबरू नकोस. 'गरोदरपणात सीटी कधीच नाही' असं शिकवणारे सर मलाही भेटलेत.

आणखी एक बदल करून बघ. तीच बाई, पण ब्लड प्रेशर ८०/५०, सगळं पोट कडक, हात लावू देत नाही. आता तिन्ही मशिनांचे पर्याय बाद. सलाइन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन थिएटर. अस्थिर पेशंट एमआरआयच्या खोलीत नेणं म्हणजे तासाभरासाठी त्याला डॉक्टरांच्या हाताबाहेर ठेवणं. नाडी आणि ब्लड प्रेशर मजकुरात उगाच दिलेलं नसतं. मी तर मुलांना सांगते, वयानंतर आधी तेच वाचा.

जाता जाता, वॉर्डातली एक गोष्ट. गरोदर बाईची सोनोग्राफी अपेंडिक्ससाठी असली तरी पीसीपीएनडीटी कायद्याखाली फॉर्म एफ भरावाच लागतो. कॅज्युअल्टीच्या धावपळीत तो राहतो आणि मग सकाळी सोनोलॉजिस्ट इंटर्नला शोधत फिरतात.

प्रश्नाची शेवटची ओळ मात्र तू घाईत वाचतेस असं तुझ्या पत्रावरून वाटतं. 'इनिशियल इन्व्हेस्टिगेशन' विचारलं असेल तर सोपी, हाताशी असलेली, इजा न करणारी तपासणी शोधायची, मग ती शंभर टक्के खात्रीची नसली तरी चालेल. 'मोस्ट सेन्सिटिव्ह' विचारलं असेल तर खर्च, वेळ, रेडिएशन विसरून फक्त आजार किती कमी वेळा हुकतो ते बघायचं. प्रौढातल्या अपेंडिसायटिसला पहिल्यात सोनोग्राफी आणि दुसऱ्यात सीटी असं एकाच पेशंटचं उत्तर बदलू शकतं. 'नेक्स्ट बेस्ट स्टेप'मध्ये तर आधी झालेल्या तपासण्यांचा रिपोर्ट हाच खरा मजकूर असतो, आणि उत्तर तपासणी असेलच असंही नाही. स्वतःला विचारायचं: या रिपोर्टनंतर सर्जन वेगळं काही करणार आहे का? काहीच बदलणार नसेल तर तो पर्याय खोड.

हीच नजर पोटात थोडी वर नेलीस तर पित्ताशयाचे प्रश्नही सुटतात. पित्ताचे खडे पुष्कळदा कोलेस्टेरॉलचे असतात आणि त्यांची घनता पित्ताएवढीच, त्यामुळे सीटीत ते पित्तात मिसळून जातात. सोनोग्राफीत तेच चमकतात आणि मागे सावली टाकतात. म्हणून तिथे स्वस्त तपासणीच सरस. खडा घसरून पित्तनलिकेत गेला असेल आणि सोनोग्राफीत गॅसमुळे नलिकेचा खालचा भाग दिसत नसेल, तर एमआरसीपी.

आता कॉन्ट्रास्ट. सीटीत एक प्रश्न पुरतो: मला जे शोधायचंय ते मुळातच पांढरं आहे का? मूत्रपिंडाचा खडा पांढरा, डोक्यातला ताजा रक्तस्राव पांढरा. तिथे कॉन्ट्रास्ट दिलं तर शेजारचंही पांढरं होतं आणि हवी ती गोष्ट त्यात हरवते. म्हणून खडा आणि ताजा रक्तस्राव यांना कॉन्ट्रास्टविना. सूज, पू, गाठ आणि रक्तवाहिन्या यांना कॉन्ट्रास्ट हवं, कारण रक्त कुठे जास्त जातंय आणि कुठे जात नाहीये तेच तिथे बघायचं असतं. अपेंडिक्ससाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी चित्र घेतो. तेव्हा सुजलेली भिंत उजळते, आणि जिथे ती उजळत नाही तिथे ती मेलेली किंवा फुटलेली असते. तोंडाने पाजायच्या कॉन्ट्रास्टची सहसा गरज नसते. त्यात तास-दीड तास जातो आणि उलट्या होणारा पेशंट ते ठेवतही नाही.

मजकुरात क्रिएटिनिन दिलं असेल तर ईजीएफआर बघ. ३० च्या खाली असेल तर हात आखडता, आणि तेव्हा कॉन्ट्रास्टविना सीटी हा चालणारा पर्याय असतो, अपेंडिक्ससाठीसुद्धा. मेटफॉर्मिन चालू आहे एवढ्यावरून कॉन्ट्रास्ट नाकारायचं नाही. ईजीएफआर ३० किंवा वर असेल आणि मूत्रपिंडाला ताजी इजा नसेल तर ते बंदही करावं लागत नाही, एरवी तपासणीच्या वेळी बंद करून ४८ तासांनी किडनी पुन्हा तपासून सुरू करायचं. आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या, धाप लागली अशी नोंद असेल तर ती मात्र गांभीर्याने घ्यायची. मासे खाल्ल्याने पित्त उठतं म्हणून आयोडिनचं कॉन्ट्रास्ट चालणार नाही, हा समज किनारपट्टीवरून येणारे पेशंट अजून सांगतात आणि पर्यायांतही तो येतो. त्याचा आणि कॉन्ट्रास्टचा खास संबंध नाही.